शनिवारची रात्र: बुकिंगवाले येत नाहीत, आलेल्यांना टेबल नाही

मीरा_सांज

नमस्कार मंडळी. मी एका रेस्टॉरंटचं दार सांभाळते. बुकिंग घेणं, आलेल्यांना बसवणं, वेटिंगची यादी चालवणं हे माझं काम. सात महिने झाले. शनिवारी रात्री घरी गेले तेव्हा अक्षरशः रडू येत होतं, म्हणून इथे लिहितेय. या धंद्यात मुरलेली माणसं इथे आहेत हे मला माहीत आहे.

आमची २० टेबलं आहेत. दोघांची १०, चौघांची ८, सहा जणांची २. संध्याकाळी ७ ला उघडतो, ११ ला किचन बंद. शनिवारी पहिल्या फेरीची सगळी २० टेबलं बुक होती: साडेसातची ३, आठची १३, साडेआठची ४. शिवाय पावणेदहाची आणखी ५ बुकिंग होती.

सात ते आठ दारावर लोक येत होते आणि मी त्यांना परत पाठवत होते, कारण सगळीकडे 'राखीव'ची पाटी. टेबलं मात्र डोळ्यांसमोर रिकामी. मग आठला एकदम झुंबड. त्यातच सहा जणांच्या एका टेबलावर दोन बुकिंग निघाली, एक फोनवरून वहीत लिहिलेलं आणि एक ऑनलाइन आलेलं. दोन्ही ग्रुप आठला हजर. मी सव्वाआठपर्यंत न आलेल्यांची दोघांची तीन टेबलं जोडून दुसऱ्या ग्रुपला बसवलं. त्या तिघांपैकी एक जोडपं ८:२५ ला आलं. बुकिंग असून टेबल गेलं म्हणून ते माझ्यावर जे चिडले, ते मी इथे लिहू शकत नाही. चूक माझीच होती, त्यामुळे उत्तरही देता येईना.

शेवटी एकूण ४ बुकिंग आलीच नाहीत. बाकीच्या दोन टेबलांसाठी मी साडेआठपर्यंत थांबले आणि तोवर वेटिंगचे लोक निघून गेले होते. पावणेदहावाले आले तेव्हा आठची टेबलं उठलीच नव्हती. वॉक-इनचे ९ ग्रुप परत गेले, हे मी मोजलंय.

मालक म्हणतात, पुढच्या शनिवारपासून दोन-तीन बुकिंग जास्तीची घे, नाहीतरी चार येत नाहीतच. मला भीती वाटते. नो-शोचं नेमकं काय करावं?

हिशेबी

मालक बरोबर सांगताहेत. मी बरीच वर्षं लॉजिंगच्या धंद्यात होतो. खोल्या आम्ही नेहमी थोड्या जास्तीच्या विकायचो, कारण काही लोक येत नाहीत हे ठरलेलं असतं. तुमचे नो-शो साधारण किती टक्के असतात ते काढा. दहा टक्के धरले तर २० टेबलांवर २२ बुकिंग घ्या. सरासरीने दोन गळतील आणि घर भरलेलं राहील. भीती वाटण्यासारखं त्यात काही नाही, हे साधं गणित आहे.

सुमेधा_क

मी ग्राहक म्हणून लिहिते. मागच्या महिन्यात आम्ही आठ जण, सोबत वयस्कर आई-वडील. १५ दिवस आधी बुकिंग केलेलं. पोचलो तर म्हणे 'जरा थांबा', आणि ४० मिनिटं उभं ठेवलं. बसायला एक खुर्ची नाही. तुम्ही सगळे ग्राहक येत नाही म्हणून तक्रार करता, पण आलेल्या ग्राहकाचं काय? उशीर झाला तर टेबल काढून घेणार, आणि तुमच्याकडून उशीर झाला तर? ग्राहकांना शिस्त लावायचे उपाय शोधण्याआधी याचा विचार करावा ही विनंती.

मीरा_सांज

सुमेधाताई, मी ग्राहकांना शिस्त लावायला विचारत नाहीये. तुमच्यासारख्या कुणाला उभं राहावं लागू नये म्हणूनच विचारतेय. आई-वडिलांना उभं राहावं लागलं हे वाचून वाईट वाटलं.

जुना_कॅप्टन

मीराताई, तुम्ही आकडे लिहिलेत म्हणून उत्तर देता येतंय. बहुतेक जण 'खूप नो-शो होतात' एवढंच सांगतात.

तुमचा प्रश्न नो-शोचा आहे असं तुम्हाला वाटतंय. मला तुमच्या पोस्टमध्ये दुसराच आकडा खटकला: आठची १३. माझ्या मते शनिवारचं सगळं नुकसान तिथून सुरू झालं. नो-शो झाले नसते तरी तुमची रात्र बिघडलीच असती, उलट जास्त बिघडली असती. ते सहा जण तुम्ही कुठे बसवले असते?

चौघांचं टेबल साधारण पावणेदोन तास लागतं असं धरू. ७ ला बसवलं तर ८:४५ ला उठतं, आवरायला दहा-पंधरा मिनिटं, ९ ला दुसरा ग्रुप बसतो, १०:४५ ला उठतो. एका रात्रीत दोन फेऱ्या झाल्या. आता तेच टेबल ८ ला दिलं तर काय होतं बघा. ७ ते ८ हा एक तास आधी उरतो, त्यात कुणी जेवून उठू शकत नाही. ९:४५ ला टेबल सुटतं, आवरून १० वाजतात, आणि १० ला नव्याने जेवायला बसणारे ग्रुप थोडेच असतात. म्हणजे आठचं एक बुकिंग दोन फेऱ्यांची जागा खातं. तुम्ही तशी तेरा दिलीत. सात ते आठ टेबलं रिकामी असूनही लोकांना परत पाठवावं लागलं, त्याचं कारण हेच.

आम्ही काय करायचो ते सांगतो. आठची बुकिंग मोजूनच द्यायची, तुमच्या जागेत ४, फार तर ५. बाकीच्यांना फोनवर 'आठचं नाही' असं म्हणायचं नाही. 'साडेसात जमेल की पावणेनऊ?' असं विचारायचं. समोर दोन पर्याय ठेवले की बरेच जण त्यातला एक घेतात. ऑनलाइनलाही आठच्या वेळेला ४ टेबलांची मर्यादा घालता येते, ती सेटिंग शोधा.

नो-शोबद्दल नंतर लिहितो, आता शिफ्ट आहे.

भट्टीजवळ

किचनमधून बोलतो. मीराताई, तुमचे आठचे बुकिंग एकूण किती माणसांचे होते?

मीरा_सांज

वहीत बघून सांगते. ४२ माणसं. त्यातले चार ग्रुप मिळून १० आले नाहीत. ते डबल बुकिंगचे ६ वाढले आणि उशिरा आलेले २ वजा केले, तर आठ ते सव्वाआठ या वेळात ३६ जण बसले.

भट्टीजवळ

मग पावणेदहाला टेबलं का उठली नाहीत त्याचं उत्तर मिळालं. ३६ माणसांच्या केओटी, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, दहा-पंधरा मिनिटांत आत आल्या. आमच्याकडे मी १५ मिनिटांत १६ माणसांचं जेवण नीट काढू शकतो. त्यापुढे एका स्टेशनवर तुंबतं आणि मग सगळ्याच टेबलांचं थांबतं, कारण एका टेबलाचे चार पदार्थ एकत्रच जायला हवेत ना. तुमच्याकडे स्टार्टर गेले असतील पंचवीस मिनिटांनी, मेन कोर्स नऊनंतर. जेवणारा माणूस मुद्दाम बसून राहत नाही, त्याला जेवणच उशिरा मिळतं. पावणेदोन तासांचं टेबल सव्वादोन तासांचं होतं आणि पुढचं बुकिंग येऊन दारात उभं राहतं. वहीत ते डबल बुकिंग दिसत नाही, पण टेबलावर ते डबल बुकिंगच असतं.

तुमच्या शेफना विचारा, पाव तासात किती माणसं झेपतात. ते मोठा आकडा सांगतील, आम्ही सगळेच सांगतो. त्यापेक्षा केओटीवरची वेळ आणि ताट बाहेर गेल्याची वेळ दोन शनिवार लिहून ठेवा. एरवी १२ मिनिटं लागतात तिथे २५ लागायला लागली की त्या पाव तासात किती जण बसवले होते ते बघायचं. तो तुमचा खरा आकडा.

मीरा_सांज

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी आजवर फक्त टेबलं मोजत होते.

पण कॅप्टनसाहेब, सातला लोक येतच नाहीत हो. साडेसात म्हटलं तरी कुरकुरतात. सगळ्यांना आठ-सव्वाआठच हवं असतं.

जुना_कॅप्टन

खरं आहे, सातचं बुकिंग सगळीकडे भरत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की सात ते आठ दारावर लोक येत होते. बुकिंगवाले सातला येत नाहीत, वॉक-इन येतात. मग सातची फेरी त्यांचीच.

पहिल्या फेरीत २० पैकी १४ टेबलंच बुकिंगला द्या. ६ मोकळी ठेवा, त्यात ४ दोघांची आणि २ चौघांची. दोघांची जास्त कशासाठी? न ठरवता येणारे बहुतेक दोघं-तिघं असतात. सहा जण न ठरवता क्वचितच येतात. तुमच्या वहीत वॉक-इनचे आकडे असतील तर हे प्रमाण त्यावरून बसवा, माझं आंधळेपणाने घेऊ नका. आणि पावणेनऊचं बुकिंग असलेलं टेबलही सातला वॉक-इनला देता येतं, फक्त बसायच्या आधी सांगायचं: 'पावणेनऊपर्यंत टेबल तुमचं आहे, चालेल का?' बसायच्या आधी सांगितलं तर लोक आनंदाने हो म्हणतात. सव्वाआठला जाऊन सांगितलं तर तो अपमान वाटतो, आणि वाटणारच.

आता नो-शो. वॉक-इनसाठी टेबलं राखली की दारावर थोडी माणसं सतत असतात, वेटिंगची यादी जिवंत राहते. नो-शो झालेलं टेबल दहा मिनिटांत भरतं ते या यादीमुळे. तुमच्याकडे सगळी २० बुक होती म्हणून सात वाजल्यापासून तुम्ही लोक परत पाठवलेत, आणि साडेआठला दोन टेबलं सुटली तेव्हा बसवायला दारात कुणी नव्हतं. म्हणून मी जास्तीच्या बुकिंगच्या विरोधात आहे. न आलेल्यांची जागा भरायला तुमच्या दारावर माणसं आहेत, त्यासाठी आधीपासून जास्तीचं वचन द्यायची गरज नाही.

हिशेबी

कॅप्टनसाहेब, मुद्दा पटतो, पण सगळ्यांच्या दारावर गर्दी नसते. जिथे वॉक-इन कमी, तिथे जास्तीची बुकिंग घ्यावीच लागतील. सरासरी खोटं बोलत नाही.

जुना_कॅप्टन

आडबाजूच्या, फक्त बुकिंगवर चालणाऱ्या जागेसाठी तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, मान्य. पण लॉजमध्ये खोली कमी पडली तर तुम्ही काय करत होतात? शेजारच्या लॉजमध्ये सोय करून द्यायचात. शनिवारी आठ वाजता वाढदिवसाला आलेल्या ग्रुपला मी कुठे पाठवू? शिवाय तुमची एक खोली दुसऱ्या खोलीसारखी. माझं दोघांचं टेबल सहा जणांना चालत नाही. २० टेबलं हा एक ढीग नाही, तीन वेगळे ढीग आहेत.

आणि सरासरी दोन म्हणजे रोज दोन नव्हे. तुम्ही हिशेबी आहात, एकदा मांडून बघा.

हिशेबी

मांडलं. प्रामाणिकपणे लिहितो, मला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

प्रत्येक बुकिंग न येण्याची शक्यता १० टक्के धरली आणि २० टेबलांवर २२ बुकिंग घेतली, तर सरासरीने २.२ गळतात. मी सांगितलं तसंच. पण एकही न गळण्याची किंवा एकच गळण्याची शक्यता मिळून जवळजवळ ३४ टक्के निघते. म्हणजे दर तीन रात्रींपैकी एका रात्री किमान एक ग्रुप दारात उभा राहणार.

मोठ्या टेबलांचं तर फारच वाईट आहे. सहा जणांच्या ४ टेबलांवर ५ बुकिंग घेतली, तर पाचही येण्याची शक्यता ५९ टक्के. निम्म्याहून जास्त रात्री फजिती. मीराताईंकडे तर अशी दोनच टेबलं आहेत, तिसरं बुकिंग घेतलं तर तिन्ही येण्याची शक्यता ७३ टक्के होते.

यात मी प्रत्येक बुकिंग स्वतंत्र धरलंय. पाऊस कोसळला तर सगळेच एकदम येत नाहीत आणि छान हवेत सगळेच येतात, त्यामुळे प्रत्यक्षात चढउतार याहूनही मोठे असणार. आमच्याकडे खोल्या शंभराच्या वर होत्या, तिथे हे चढउतार एकमेकांत मिटून जायचे. छोट्या जागेत मिटत नाहीत. माझा आधीचा सल्ला मागे घेतो. निदान मोठ्या टेबलांसाठी तरी नक्कीच.

अनय७

मी एक कबुली देतो. आम्ही मित्र शनिवारसाठी दोन-तीन ठिकाणी बुक करून ठेवतो आणि संध्याकाळी ठरवतो. बाकीची रद्द करायची राहूनच जातात. रद्द करायला फोन करायचा म्हणजे कुणीतरी विचारणार 'का?', म्हणून टाळलं जातं. तुमची पोस्ट वाचेपर्यंत दारावर उभ्या माणसाला याचं काय भोगावं लागतं हे डोक्यातच आलं नव्हतं. यापुढे कळवत जाईन.

उंबरठा

अनय, तुम्ही कारण सांगितलंत ते फार उपयोगाचं आहे. रद्द करणं अवघड ठेवलं तर लोक रद्द करत नाहीत, गायब होतात. आम्ही आदल्या दिवशी मेसेज पाठवतो: येणार असाल तर १, जमणार नसेल तर २. कारण विचारत नाही. दुपारी चारच्या सुमाराला दुसरा मेसेज. चार वाजता आलेलं 'नाही' मला सोन्यासारखं वाटतं, कारण ते टेबल मी पुन्हा विकू शकते.

फोनवर बुकिंग घेताना शेवटचं वाक्य बदला. शिकागोतल्या गॉर्डन सिंक्लेअर या रेस्टॉरंटमालकाचा किस्सा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्यांच्याकडे फोन घेणारी व्यक्ती 'बेत बदलला तर कृपया कळवा' असं म्हणायची. त्याऐवजी 'बेत बदलला तर कळवाल ना?' असं विचारून उत्तराची वाट बघायला सांगितलं. नो-शो ३० टक्क्यांवरून १० वर आले. माणूस स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणतो, म्हणून त्याला ते बांधल्यासारखं वाटतं. विचारल्यावर दोन सेकंद गप्प राहायचं, आपणच घाईने 'थँक यू' म्हणून फोन ठेवायचा नाही. नव्या मुलींना मी हेच आधी शिकवते.

मीरा_सांज

हे उद्यापासून. आणि न आलेल्यांसाठी किती वेळ थांबायचं? माझी अर्ध्या तासाची पद्धत चुकीची दिसते, पण १५ मिनिटांत टेबल दिलं की शनिवारसारखं जोडपं समोर येतं.

उंबरठा

१५ मिनिटं. पण ते बुकिंगच्या वेळीच सांगितलेलं हवं आणि मेसेजमध्ये लिहिलेलं हवं. दहाव्या मिनिटाला आपण फोन करायचा. 'वाटेतच आहोत' म्हणाले तर आणखी दहा मिनिटं द्यायची. फोन उचलला नाही तर पंधराव्या मिनिटाला टेबल यादीतल्या पहिल्याला.

आणि जे नंतर येतील त्यांना परत पाठवायचं नाही, वेटिंगमध्ये सगळ्यात वर घ्यायचं. तुमच्या त्या जोडप्याला 'तुमचं टेबल गेलं' याऐवजी 'पुढचं दोघांचं टेबल तुमचं, साधारण दहा मिनिटं' असं सांगता आलं असतं.

सुमेधा_क

'साधारण दहा मिनिटं' यावर माझा विश्वास उडालाय. आम्हालाही पाच मिनिटं सांगत सांगत चाळीस केली. ही वेळ तुम्ही ठरवता तरी कशी?

उंबरठा

रास्त प्रश्न आहे, सुमेधाताई. बऱ्याच ठिकाणी समोरचा निघून जाऊ नये म्हणून मनाला येईल ते सांगतात. पण ती काढता येते.

दोघांची १० टेबलं आहेत आणि एक टेबल साधारण ८० मिनिटं लागतं असं धरा. लोक टप्प्याटप्प्याने बसलेले असतील तर दर ८ मिनिटांनी एक टेबल सुटतं. यादीत तिसरा नंबर असेल तर २४ मिनिटं. मी अर्धा तास सांगते. अर्धा तास सांगून पंचविसाव्या मिनिटाला बसवलं तर माणूस खूश होतो. वीस सांगून पंचवीस झाली तर तेवढाच वेळ थांबलेला माणूस चिडतो.

मात्र हा हिशेब टप्प्याटप्प्याने बसलेल्यांनाच लागू पडतो. आठला एकदम सगळे बसले असतील तर ९:२० पर्यंत काहीच सुटत नाही आणि मग धडाधड सुटतात. अशा वेळी ८:१५ ला आलेल्याला 'वीस मिनिटं' सांगणं म्हणजे फसवणूक. म्हणून सांगायच्या आधी मी एक फेरी मारून येते: कुणाचं बिल गेलंय, कुणाचं डेझर्ट चाललंय, कुणी आत्ता मेनू उघडलाय. बिल गेलेली तीन टेबलं दिसली तरच दहा मिनिटं म्हणते.

जुना_कॅप्टन

अगदी बरोबर. आता राहिलं वहीतलं डबल बुकिंग. मीराताई, वही आणि ऑनलाइन असं दोन ठिकाणी लिहिलं जातंय तोवर हे पुन्हा होणार. तुम्ही कितीही काळजी घ्या, होणार. एकच ठिकाण ठेवा. फोन आला तरी तो त्याच स्क्रीनवर टाकायचा, बोलणं चालू असतानाच, नंतर नव्हे. गर्दीत फोन घेणाऱ्या वेटरने चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलेलं बुकिंग मी पाहिलंय.

दुसरं, बुकिंग घेतानाच टेबलाचा नंबर देता का?

मीरा_सांज

हो, लगेच देते. टेबल ४, टेबल ११ असं.

जुना_कॅप्टन

ते थांबवा. मोठे ग्रुप आणि जिना चढता न येणारं कुणी सोबत असेल तेवढ्यांनाच नंबर आधी द्या. बाकीच्यांना फक्त वेळ आणि माणसं. नंबर त्या दिवशी दुपारी, चारच्या मेसेजची उत्तरं आल्यावर द्यायचे.

एक उदाहरण देतो. टेबल ४ वर ७:३० ते ९, टेबल ५ वर ८ ते ९:३०. आता कुणी ९ ते १०:३० मागितलं तर ४ वर बसतं. पण तुम्ही आधीच ४ वर ९:१५ चं कुणी लिहून ठेवलंय आणि ५ नंतर मोकळं आहे. ९:१५ वाले ९:३० पर्यंत थांबायला तयार असते तर त्यांना ५ वर हलवून दोन्ही बसली असती. नंबर पक्के असल्याने तुम्ही 'जागा नाही' म्हणता. अशा पंधरा-वीस मिनिटांच्या फटी सगळ्या टेबलांवर पडत जातात आणि कुणालाच उपयोगी पडत नाहीत. दुपारी सगळं चित्र समोर ठेवून लावलं तर त्याच जागेत दोन-तीन ग्रुप जास्त बसतात.

रोहिणी_म

डिपॉझिटबद्दल कुणीच बोललं नाही? आम्ही सहा आणि त्यावरच्या ग्रुपकडून आगाऊ रक्कम घ्यायला लागलो, बिलातून वजा करतो. मोठ्या ग्रुपचे नो-शो जवळजवळ थांबले.

जुना_कॅप्टन

मला ते आवडत नाही. पंधरा वर्षं येणाऱ्या माणसाकडे पैसे आधी मागायचे?

रोहिणी_म

सहा जणांचं टेबल शनिवारी रिकामं राहिलं तर त्या रात्रीची कमाई गेली, कॅप्टनसाहेब. नेहमीच्यांना आम्ही सूट देतो, त्यांची नावं सिस्टिमला आहेत. शिकागोतल्या नेक्स्ट या रेस्टॉरंटने तर २०११ पासून नाटकाच्या तिकिटासारखं जेवणच आगाऊ विकायला सुरुवात केली.

जुना_कॅप्टन

तिथे मेनू ठरलेला, किंमत ठरलेली, म्हणून तिकीट जमतं. आपल्याकडे माणूस काय मागवणार हेच माहीत नसतं. आणि नेहमीच्यांना सूट दिली की नवा माणूस विचारतो, मलाच का? तुमच्याकडे चाललंय ते मी नाकारत नाही. मी केलं नसतं, एवढंच.

मीरा_सांज (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण तीन शनिवार झाले आणि तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

मालकांना हिशेबींचं गणित दाखवलं. जास्तीची बुकिंग हा विषय संपला. आठची बुकिंग ४ वर आणली, पहिल्या फेरीत ६ टेबलं वॉक-इनला ठेवली. वही बंद. शेफनी वेळा लिहायला आधी नकार दिला, मग स्वतःच लिहू लागले. आमचा आकडा पाव तासाला १४ माणसं निघाला.

कालच्या शनिवारी दोन्ही फेऱ्या मिळून ३१ बुकिंग होती. पाच जणांनी चारच्या मेसेजला २ पाठवला, म्हणजे आधीच कळलं, आणि त्यातली चार टेबलं पुन्हा बुक झाली. न कळवता न आलेले ३. ती तिन्ही टेबलं दहाव्या मिनिटाच्या फोननंतर लगेच भरली. परत गेलेले वॉक-इन ग्रुप ४. डबल बुकिंग एकही नाही. एक ग्रुप सोडला तर पावणेनऊ-नऊची बुकिंग जास्तीत जास्त दहा मिनिटं थांबली.

सगळं गोड नाही. दोन जुनी कुटुंबं 'आम्हाला आठ मिळत नाही' म्हणून नाराज झाली, त्यातलं एक परत आलेलं नाही. त्यानंतर आठच्या चारपैकी दोन टेबलं शुक्रवारपर्यंत नेहमीच्यांसाठी धरून ठेवायला लागले. आधी करायला हवं होतं. पहिल्या शनिवारी सातची दोघांची टेबलं रिकामी राहिली, तेव्हा मालकांचा चेहरा बघवत नव्हता.

आता एकच अडतं. काल चौघांचं एक टेबल ८:४० ला बिल देऊन ९:३५ पर्यंत गप्पा मारत बसलं. नऊचे लोक दारात. बसताना त्यांना वेळ सांगितली नव्हती, कारण ते बुकिंगवाले होते. उठा कसं म्हणायचं?

उंबरठा

म्हणायचं नाही. मी जाऊन विचारते, 'बाहेरच्या सोफ्यावर कॉफी आणून देऊ का, आमच्याकडून?' दहातले सहा-सात उठतात. आणि बुकिंगवाल्यांनाही मेसेजमध्ये वेळ लिहा: टेबल ७ ते ८:४५ तुमच्यासाठी.

सुमेधा_क

बुकिंगच्या मेसेजमध्ये उठायची वेळ लिहिलेली बघून मी तिथे जाणार नाही. कॉफीचं चालेल.

जुना_कॅप्टन

मी खरं तेच सांगायचो. टेबलापाशी वाकून, हळू आवाजात: 'तुमच्यानंतरचं कुटुंब बाहेर उभं आहे, सोबत लहान मूल आहे.' मूल खरंच असेल तरच. खोटं सांगायचं नाही, बाहेर जाताना त्यांना दिसतंच.

मीरा_सांज

आमच्याकडे बाहेर सोफा नाही, दोन खुर्च्या आहेत. मालकांशी बोलते. मेसेजमध्ये वेळ लिहायची की नाही हे मात्र माझं अजून ठरत नाहीये. रोहिणीताई, तुमच्याकडे लिहिता का?